लिप-सिंक : वऱ्हाडी संवादांचे उच्चारकालांकन

ध्वनिमुद्रित संवादातला प्रत्येक उच्चार केव्हा सुरू होतो व केव्हा संपतो हे काढून अ‍ॅनिमेशनपात्राच्या तोंडाचे आकार त्या वेळांवर बसवण्याची क्रिया. यासाठी आवाजाची फाइल, संवादाची संहिता आणि शब्दांचा उच्चारकोश ‘मॉन्ट्रियल फोर्स्ड अलाइनर’सारख्या प्रणालीला देतात. तिच्याकडून मिळणारी ‘टेक्स्टग्रिड’ फाइल ‘प्रात’मध्ये आवाजाच्या आलेखाखाली उघडून तपासता येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या वऱ्हाडी संवादांसाठी या तिन्हींत उच्चारकोशच निर्णायक ठरतो, कारण प्रणाली काय बोलले गेले ते शोधत नाही. कोशाने सांगितलेले ध्वनी क्रमाने आवाजावर बसवते.

‘विहिरीत पाणी’ हे शब्द वऱ्हाडी बोलणारा ‘इहिरीत पानी’ असे उच्चारतो. ‘ण’चा ‘न’ झाल्याने फारसे बिघडत नाही. दोन्हींत जीभ हलते, ओठांचा आकार तोच राहतो. ‘व’ गळाल्याने मात्र बिघडते, कारण मराठी ‘व’ला खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो आणि तो आकार प्रेक्षकाला दिसतो. कोशात केवळ प्रमाण उच्चार असेल तर प्रणालीला न उच्चारलेल्या ‘व’लाही जागा द्यावी लागते. तिचे प्रतिमान आवाज १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत मोजते आणि एका ध्वनीला सहसा तीन अवस्थांतून नेते, म्हणजे किमान ३० मिलिसेकंद. सेकंदाला २५ चित्रे असतील तर एक चित्र ४० मिलिसेकंदांचे. त्यामुळे ‘इ’ ऐकू येत असताना ‘व’चे तोंड दिसू शकते आणि ‘इ’ची सुरुवातही पुढे ढकलली जाते. उपाय म्हणजे कोशात दोन्ही उच्चार देणे. मुद्रणाशी अधिक जुळणारा उच्चार प्रणाली निवडते.

```
विहिरीत	v i ɦ i r iː t
विहिरीत	i ɦ i r iː t
```

यावर आक्षेप असा की ‘ऱ्हुबार्ब’सारखी प्रणाली संहितेविना, कोणत्याही भाषेच्या आवाजावरून तोंडाचे आकार देते, मग कोश कशाला? स्वरांपुरते हे पटते. पण ‘पानी’तल्या ‘प’साठी ओठ मिटलेले असतात तेव्हा आवाज जवळजवळ नसतोच, आणि ती शांतता निव्वळ विरामासारखी भासू शकते. संहिता हाताशी असली तर तिथे ‘प’ आहे हे आधीच ठाऊक असते. समजा ओठ ०.६० सेकंदाला मिटले आणि ०.६८ला उघडले, तर मिटलेल्या ओठांची दोन चित्रे लागतात आणि ती स्फोटाच्या आधी यायला हवीत. प्रातमध्ये स्फोटाची उभी रेघ दिसते. ‘प’ची खूण तिच्यानंतर सुरू होत असेल तर सीमा चुकली आहे.

आठ-नऊच आकार वापरायचे तर इतका काटेकोरपणा कशाला, हा दुसरा आक्षेप अर्धाच खरा आहे. त्या आकारांत ‘ण’ आणि ‘न’ एकच ठरतात, त्यामुळे असे भेद सोडून देता येतात. ‘प’, ‘ब’, ‘म’ आणि ‘व’ यांना मात्र सूट नाही. म्हणून वऱ्हाडी संवादाचा कोश छापील संहितेवरून न करता मुद्रण ऐकून करावा आणि हाताने तपासणी ओठांच्या ध्वनींपासून सुरू करावी.