संदर्भचित्रातील अनोळखी माणसे : एआयकडे छायाचित्र सोपविण्यापूर्वी काय करावे?

मार्च २०२५ मध्ये घिब्ली शैलीतील चित्रांची लाट आली, तेव्हापासून घरच्या अल्बममधील छायाचित्र एआय साधनाला देऊन त्यावरून नवे चित्र घडवून घेणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. अशा वेळी साधनाला जे मूळ छायाचित्र दिले जाते, त्यास संदर्भचित्र म्हणतात. आपण ते आपल्या माणसासाठी देतो. पण जत्रेत, मिरवणुकीत किंवा बाजारात काढलेल्या छायाचित्रात आपले माणूस क्वचितच एकटे असते. मागे उभी असलेली स्त्री, तिच्या कडेवरचे मूल, शेजारच्या स्कूटरचा क्रमांक हे सारे त्याबरोबर पाठविले जाते. त्यांचे काय करावे, याचा विचार चित्र घडविण्याआधी व्हावा लागतो. साधनाकडे पोहोचलेले छायाचित्र मागे घेण्याचा खात्रीचा उपाय वापरकर्त्याच्या हाती नसतो.

एक उदाहरण घेऊ. डिचोलीच्या शिगम्यात घोडेमोडणीत नाचणाऱ्या एका मुलाचे छायाचित्र त्याच्या वडिलांनी मोबाईलवर टिपले आहे. कमरेला लाकडी घोडा, डोक्यावर फुलांनी सजवलेली पगडी, हाती तलवार. त्यावरून रंगचित्राच्या धाटणीची एक शुभेच्छापत्रिका तयार करून ती समाजमाध्यमांवर टाकावी, असा त्यांचा मानस आहे. छायाचित्र आडवे, ४००० बाय ३००० पिक्सेलचे. मुलगा उजवीकडे आहे. त्याच्या खांद्यावर पथकातील एका मोठ्या सवंगड्याचा हात आहे. डाव्या बाजूस प्रेक्षकांची रांग, तीत गणवेशातील दोन शाळकरी मुले आणि एक स्कूटर. मुलाच्या अगदी पाठीमागे, दोन हातांवर, हिरव्या साडीतील एक अनोळखी स्त्री उभी असून तिचा चेहरा स्पष्ट दिसतो.

पहिले काम कातरण्याचे, म्हणजे क्रॉपचे. डावीकडचा १६०० पिक्सेलचा पट्टा काढून टाकला की २४०० बाय ३००० चे उभे चित्र उरते आणि प्रेक्षकांची रांग, शाळकरी मुले, स्कूटर हे सर्व एका झटक्यात बाहेर जाते. यात दर्जा गमावण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. बहुतेक साधने मोठे चित्र आत घेताना ते बरेच लहान करतात. त्यामुळे चौकटीत मुलगा जितका मोठा, तितके त्याच्या पगडीचे आणि चेहऱ्याचे बारकावे अधिक टिकतात. पत्रिकेसाठी आडवी चौकट हवी असेल, तर कातरलेल्या भागाच्या जागी साधन स्वतःहून गर्दी रंगवू शकते. ती गर्दी कल्पित असल्यामुळे तीत कोणाचेही छायाचित्र वापरले जात नाही.

कातरताना एक चूक वारंवार होते. सवंगडी चौकटीबाहेर जातो, पण मुलाच्या खांद्यावरची त्याची बोटे आत राहतात. चित्र घडविणारी प्रणाली अशा तुटक हाताला अर्थ देण्याचा प्रयत्न करते. मग कधी मुलाला तिसरा हात फुटतो, तर कधी त्या बोटांमागे एक संपूर्ण नवा माणूस उभा राहतो. म्हणून कातरण्याची रेघ माणसाच्या अंगावरून न नेता दोन माणसांमधील मोकळ्या जागेतून न्यावी. तशी जागा नसेल, तर त्या माणसाला पूर्ण आत ठेवून त्याची संमती घ्यावी.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. मोबाईलच्या फोटो ॲपमध्ये कातरलेले चित्र बहुधा ‘मूळ स्थितीत परत’ आणता येते, याचाच अर्थ मूळ चित्र कोठेतरी शाबूत असते. काही वेळा फाईलमध्ये दडलेले लघुचित्र जुन्याच चौकटीचे राहते. मार्च २०२३ मध्ये तर याहून गंभीर दोष उघडकीस आला. गुगलच्या पिक्सेल फोनमधील मार्कअप साधनाने कातरलेल्या पीएनजी फाईलमधून वगळलेला भाग काही अंशी परत मिळविता येत होता, आणि विंडोज ११ मधील स्निपिंग टूलमध्येही तशीच त्रुटी आढळली. पुढे दोन्ही दोष दुरुस्त झाले, परंतु तोवर ज्या फाईली इतरांच्या हाती गेल्या होत्या त्या तशाच राहिल्या. घरगुती उपाय सोपा आहे. कातरलेले व झाकलेले चित्र पडद्यावर पूर्ण उघडावे, त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि तोच पाठवावा. स्क्रीनशॉट पुन्हा कातरू नये. या नव्या फाईलमध्ये पडद्यावर दिसले तेवढेच असते. छायाचित्र काढल्याच्या ठिकाणाची नोंदही तीत उतरत नाही.

आता उरली ती हिरव्या साडीतील स्त्री. कातरून तिला वगळता येत नाही, कारण ती मुलाच्या थेट मागे आहे. येथे बहुतेकांचा हात ब्लरकडे, म्हणजे चेहरा धूसर करण्याकडे जातो. वृत्तपत्रातील छायाचित्रासाठी ही पद्धत रूढ आहे. संदर्भचित्रासाठी मात्र ती दोन कारणांनी फसवी ठरते.

पहिले कारण असे, की हलका ब्लर चेहरा पुरता लपवत नाही. धूसर केलेले किंवा मोठ्या चौकटींत मोडलेले चेहरेही संगणकाला ओळखायला शिकविता येतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. मानवी डोळ्यासाठीही एक साधी चाचणी आहे. चित्र अंगठ्याच्या नखाएवढे लहान करावे किंवा फोन हातभर दूर धरून डोळे किलकिले करावेत. जवळून नुसते ठिपके दिसणारा चेहरा लांबून पुष्कळदा ओळखू येतो. तो ओळखू आला, तर झाकणे अपुरे झाले असे समजावे.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. चित्र घडविणाऱ्या प्रणालीच्या दृष्टीने धूसर चेहरा म्हणजे काही लपविलेली गोष्ट नव्हे. तो नीट न टिपलेला चेहरा असतो, आणि ती तो भरून काढते. २०२० मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी ‘पल्स’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली होती. तिला बराक ओबामांचे ठिपकेदार लघुचित्र दिले असता तिने एका गोऱ्या पुरुषाचा सुस्पष्ट चेहरा परत दिला. प्रणालीने मूळ चेहरा शोधून काढला नव्हता, तर जुळेल असा एक चेहरा रचला होता. आपल्या उदाहरणात याचा परिणाम विचित्र होतो. साडी त्या स्त्रीची, बांधा तिचा, उभे राहण्याची ढब तिची, जागाही ओळखीची. चेहरा मात्र बनावट. तिच्या वाड्यावरचे लोक पत्रिका पाहून ‘ही तीच’ असे म्हणणारच, आणि चेहऱ्यावर प्रणालीने जे हसू, जी उग्रता किंवा जे वय चढविले असेल, ते तिच्या नावावर जमा होईल. धूसर करण्याने जिचे रक्षण व्हायचे, तिच्याच अंगावर परका चेहरा बसतो.

म्हणून संदर्भचित्रात चेहरा धूसर न करता संपूर्ण माणूस, डोक्यापासून पायांपर्यंत, सपाट अपारदर्शक रंगाने झाकावा. मोबाईलमधील ब्रश किंवा संगणकावरील गिम्पसारखे विनामूल्य साधन त्यासाठी पुरते. ब्रश पूर्ण अपारदर्शक आहे ना, हे आधी तपासावे. मार्करसारखा अर्धपारदर्शक रंग चढविला, तर उजेड वाढविताच खालचा चेहरा पुन्हा दिसू लागतो. रंग आसपासच्या भिंतीच्या किंवा रस्त्याच्या छटेचा घ्यावा. भडक काळा ठोकळा ठेवल्यास प्रणाली त्याला दार, फलक किंवा छत्री समजून तसे रंगविते. प्रॉम्प्टमध्ये ‘मागे कोणीही माणसे नकोत’ असे म्हणण्यापेक्षा ‘मागे मातीची भिंत आणि आंब्याचे तोरण’ असे सांगावे. काय नको यापेक्षा काय हवे, हे या प्रणालींना अधिक नेमके कळते.

माणूस पुसून टाकणारी तयार साधने आता अनेक फोनमध्ये असतात. मात्र त्यातील काही साधने चित्र कंपनीच्या सर्व्हरवर पाठवून काम करतात. अनोळखी स्त्रीला पुसण्यासाठी तिचेच स्पष्ट छायाचित्र बाहेर पाठविणे, हा उलटा व्यवहार झाला. फोन विमान स्थितीत ठेवून, वायफायही बंद करून ते साधन चालते का, हे पाहावे. चालले, तर काम फोनमध्येच होते आहे. ज्यांच्याकडे सक्षम संगणक आहे, ते स्टेबल डिफ्यूजनसारखी प्रणाली घरीच चालवून सगळे काम आपल्या यंत्रावर ठेवू शकतात. अर्थात त्यासाठी थोडी खटपट करावी लागते.

राहिला सवंगडी. त्याचा हात खांद्यावर आहे आणि तो ओळखीचा आहे, म्हणून त्याची संमती घेणे हाच सरळ मार्ग. छायाचित्रासाठी तो हसून उभा राहिला, ही संमती फक्त त्या छायाचित्रापुरती होती. त्याच्या चेहऱ्यावरून नवे चित्र घडविण्यास त्याने होकार दिलेला नाही. विचारताना चित्र दाखवावे, आणि काय, कशाने, कोठे हे तिन्ही सांगावे. ‘दादा, शिगम्यातला हा फोटो एआय ॲपमध्ये घालून त्यावरून रंगचित्र करायचा विचार आहे. तुमचा चेहराही त्यात येईल. पत्रिका फेसबुकवर आणि पथकाच्या ग्रुपवर टाकणार. चालेल का? नको असेल तर तुम्हाला झाकून टाकतो. तयार झाल्यावर आधी तुम्हाला दाखवीन.’ एवढा संदेश पुरे. उत्तर न येणे म्हणजे होकार नव्हे. सवंगडी अठरा वर्षांखालील असेल, तर विचारणा त्याच्या आईवडिलांना करावी.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी असे सांगतो, ती मागे घेण्याचा अधिकार देतो आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने केलेल्या वापराला तो लागू होत नाही. मुलाच्या वडिलांनी चित्र घरात टांगले, तर प्रश्न सहसा उद्भवणार नाही. पण तेच चित्र मंडळाने वर्गणीच्या किंवा दुकानदाराने जाहिरातीच्या फलकावर छापले, तर घरगुती वापराची सबब सांगणे कठीण जाईल.

चित्र तयार झाल्यावर ते लगेच पुढे पाठवू नये. ते मोठे करून कोपऱ्यांपासून पाहावे. झाकलेल्या जागी कोणी उगवले आहे का? उगवले असल्यास त्याच्या अंगावर हिरवी साडी आहे का? असेल, तर झाकताना पदराची कड किंवा हात उघडा राहिला होता, हे समजावे. संदर्भचित्र पुन्हा नीट झाकून पहिल्यापासून सुरुवात करावी. आरसे, दुकानांच्या काचा आणि चकाकणारी भांडी यांतील प्रतिबिंबे मूळ चित्रातच तपासावीत, कारण चेहरे तेथे हमखास राहून जातात. शेवटी साधनाच्या इतिहासात राहिलेले संदर्भचित्र काढून टाकावे आणि आपली चित्रे प्रशिक्षणासाठी न वापरण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असल्यास तो निवडावा. ही निवड मात्र चित्र पाठविण्याच्या आधीच केलेली बरी.