बदलापूरची रेघ सरळ आहे का?

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल पकडली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं ओळीने येतात. आजचा एपिसोड याच पट्ट्याचा आहे. ही तीन शहरं कशी वाढली, हे आपण गोष्टींपेक्षा आलेखातून वाचणार आहोत. आणि त्यातून एक प्रश्न सोडवायचा आहे: बदलापूरची लोकसंख्या 'एक्सपोनेन्शियल' वाढतेय असं लोक सर्रास म्हणतात, ते खरं आहे का?

आधी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींमध्ये जागा मिळाली, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात. अंबरनाथचं शिवमंदिर अकराव्या शतकातलं, पण शहर वाढलं ते विसाव्या शतकात, कारखान्यांमुळे. बदलापूर मात्र बराच काळ गावच होतं. मुंबई, ठाणे, डोंबिवली परवडेनाशी झाली तशी माणसं पुढच्या स्टेशनाला सरकत गेली, आणि सरकत सरकत बदलापूरला पोचली.

आता जनगणनेचे आकडे बघा. मी ते हजारांत गोल केलेत.

| शहर | १९९१ | २००१ | २०११ |
|---|---|---|---|
| उल्हासनगर | ३६९ हजार | ४७४ हजार | ५०६ हजार |
| अंबरनाथ | १२६ हजार | २०४ हजार | २५३ हजार |
| कुळगाव-बदलापूर | ५२ हजार | ९८ हजार | १७४ हजार |

हे साध्या ग्राफ पेपरवर काढलं, तर बदलापूरची रेघ वर वळलेली दिसते. पहिल्या दहा वर्षांत ४६ हजार माणसं वाढली, पुढच्या दहा वर्षांत ७६ हजार. वेग वाढतोय, वळण वरच्या दिशेने आहे, म्हणजे एक्सपोनेन्शियल. झालं, निकाल लागला!

थांबा. वर वळणारी प्रत्येक रेघ एक्सपोनेन्शियल नसते. एक्सपोनेन्शियल वाढीची खूण अगदी नेमकी आहे: सारख्या काळात सारख्या पटीने वाढ. बेरीज नाही, गुणाकार. बँकेतलं चक्रवाढ व्याज असंच वाढतं. आणि पट सारखी आहे की नाही हे साध्या आलेखावर डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी कागद बदलावा लागतो.

इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये ॲम्प्लिफायरचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स काढायला आम्हाला स्टेशनरीतून सेमी-लॉग ग्राफ पेपर आणायला लावायचे. त्याच्या एका बाजूच्या रेघा दाटीवाटीने जवळ येत जातात. तेव्हा मी तो का वापरायचा हे न विचारता वापरला. त्यामागची कल्पना अशी: एका अक्षावर आकडा मांडायच्या ऐवजी त्याचा लॉगॅरिदम मांडायचा. १० हजारचा लॉग ४, १ लाखाचा ५, १० लाखांचा ६. म्हणजे १० हजारवरून १ लाखावर जाणं आणि १ लाखावरून १० लाखांवर जाणं, दोन्हींना कागदावर सारखंच अंतर. लॉग गुणाकाराची बेरीज करून टाकतो. त्यामुळे सारख्या पटीने वाढणारी गोष्ट या कागदावर सरळ रेघ होते, आणि रेघेचा चढ म्हणजे वाढीचा दर.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे. १८६३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने किमतींचे आलेख लॉग पद्धतीने काढले होते, कारण किमतीत किती भर पडली यापेक्षा ती किती पट झाली हे त्याला महत्त्वाचं होतं. आज आपल्याला एक ओळ पुरते:

```python
import matplotlib.pyplot as plt
year = [1991, 2001, 2011]
badlapur = [52, 98, 174]
plt.semilogy(year, badlapur, "o-")
plt.show()
```

चला, आता पट काढू. बदलापूर: पहिल्या दशकात १.८८ पट, दुसऱ्यात १.७८ पट. अंबरनाथ: १.६२, मग १.२४. उल्हासनगर: १.२८, मग १.०७.

बघा काय झालं. साध्या कागदावर वर वळणारी बदलापूरची रेघ सेमी-लॉगवर किंचित खाली वळते. माणसं जास्त वाढली, पण पट कमी झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आणि अंबरनाथ, उल्हासनगरची रेघ तर ठळकपणे वाकलेली दिसते. उल्हासनगर सुमारे १३ चौरस किलोमीटरचं शहर; जागा भरली की गुणाकार थांबतो. सेमी-लॉगवर खाली वळणारी रेघ बहुतेक वेळा हेच सांगते, की वाढीला कुठेतरी अडथळा लागलाय.

आता कोणी म्हणेल, १.८८ काय आणि १.७८ काय, एवढ्याने कुणाचं काय बिघडतं? पाण्याच्या पाइपलाइनचं बिघडतं. पाणी योजना साधारण ३० वर्षं पुढचं बघून आखतात, आणि सिव्हिलच्या पुस्तकात लोकसंख्येच्या अंदाजाच्या दोन सोप्या पद्धती असतात. अंकगणिती पद्धत दर दशकाला सरासरी भर घालते. ती साध्या कागदावरची सरळ रेघ. भूमिती पद्धत दर दशकाला सरासरी पटीने गुणते. ती सेमी-लॉगवरची सरळ रेघ.

बदलापूरची सरासरी भर ६१ हजार आणि सरासरी पट १.८३. पहिल्या पद्धतीने २०२१ चा अंदाज येतो २ लाख ३५ हजार, दुसरीने ३ लाख १८ हजार. फरक ८३ हजार माणसांचा. माणशी रोजचे १३५ लिटर धरले, तर रोजचं १ कोटी १२ लाख लिटर पाणी. ३० वर्षांनंतरचा, म्हणजे २०४१ चा अंदाज? एक पद्धत म्हणते साडेतीन लाखांच्या थोडं वर, दुसरी म्हणते साडेदहा लाखांच्या वर. आकडे तेच, फक्त सरळ रेघ कुठल्या कागदावर धरली एवढाच फरक. भूमिती पद्धत नेमकी कुठे फसते हे अंबरनाथ आणि उल्हासनगर आधीच दाखवतायत: पट टिकत नाही.

आता दुसरा कागद, लॉग-लॉग. यात दोन्ही अक्ष लॉगचे. इथे सरळ रेघ आली तर तो पॉवर लॉ. त्याची खूण वेगळी: आडव्या अक्षावरची गोष्ट दुप्पट केली की उभ्या अक्षावरची दरवेळी सारख्याच पटीने बदलते. चौरसाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ नेहमी चौपट होतं, तसं.

इथे एक सापळा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. बदलापूरचा आलेख मी लॉग-लॉगवरही काढून बघितला. तोही जवळजवळ तेवढाच सरळ दिसला! मग हा पॉवर लॉ का? नाही. १९९१ आणि २०११ मध्ये जेमतेम एक टक्क्याचा फरक आहे. एवढ्या छोट्या टप्प्यात लॉग काहीच वाकवत नाही, त्यामुळे लॉग-लॉग आणि सेमी-लॉग एकसारखेच दिसतात. चोरी पकडली जाते ती चढ काढल्यावर: घातांक येतो जवळपास १२१. म्हणजे लोकसंख्या 'वर्षाच्या १२१ व्या घाताच्या' प्रमाणात! ज्या अक्षाचं शून्य माणसाने ठरवलंय, जसं की इसवी सन, त्याचा लॉग घेऊ नका. आणि आडव्या अक्षावरची किंमत निदान काही पट बदलत नसेल, तर लॉग-लॉगवरच्या सरळपणावर विश्वास ठेवू नका.

मग शहरांमध्ये पॉवर लॉ दिसतो कुठे? क्रमवारीत. १९१३ मध्ये फेलिक्स आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञाने शहरं मोठ्याकडून लहानाकडे लावली आणि त्याच्या लक्षात आलं की क्रमांक गुणिले लोकसंख्या साधारण स्थिर येते. म्हणजे क्रमांक दुप्पट, तर लोकसंख्या निम्मी.

महाराष्ट्रात २०११ च्या आकड्यांवर हे तपासू. दुसरं पुणे ३१.२ लाख, चौथं ठाणे १८.४ लाख: पट ०.५९. तिसरं नागपूर २४.१, सहावं नाशिक १४.९: पट ०.६२. चौथं ठाणे १८.४, आठवं वसई-विरार १२.२: पट ०.६६. अर्धी नाही, पण बऱ्यापैकी सारखी. लॉग-लॉगवर रेघ सरळसर येते. फक्त मुंबई फटकून वर. त्या रेघेप्रमाणे पहिलं शहर ५० लाखांचं हवं होतं, मुंबई आहे १२४ लाखांची.

पण ही रेघ महापालिकांच्या हद्दींवर काढली आहे. जनगणना 'बृहन्मुंबई नागरी समूह' असाही एक आकडा देते, १८४ लाख. त्यात ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली आणि आपली ही तिन्ही शहरं विरघळून जातात. अशा समूहांची यादी केली तर दुसरं पुणे ५०.६ लाख आणि चौथं नाशिक १५.६ लाख. पट ०.५९ वरून थेट ०.३१. माणसं तीच आहेत, रोज त्याच लोकलने जातात. हद्द कुठे आखली त्यावर चढ बदलला, आणि रेघही आधीसारखी सरळ राहिली नाही. शिवाय क्रमवारीचा आलेख नेहमी उतरताच असतो, त्यामुळे दहाबारा ठिपक्यांवर 'पॉवर लॉ सापडला' म्हणणं घाईचं आहे.

जाता जाता तुमच्यासाठी एक काम. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली. नवी मोजणी १ मार्च २०२७ च्या तारखेची असणार आहे. आधीचं अंतर दहा वर्षांचं होतं, हे सोळाचं आहे, तेव्हा आडव्या अक्षावर ते सोळा वर्षांएवढंच लांब काढा. शेवटच्या दशकाची १.७८ पट तशीच टिकली, तर सोळा वर्षांत ती सुमारे २.५ होते, आणि बदलापूर येतं ४ लाख ३६ हजारांवर. खरा आकडा आला की आधी पालिकेची हद्द तीच आहे ना ते बघा, मग ठिपका ठेवा. ठिपका या आकड्याच्या खाली पडला, तर बदलापूरही अंबरनाथच्या वाटेने वाकायला लागलं. वर पडला, तर स्टेशनवर गर्दी का वाढली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.