अग्निशामक नळकांड्याची तपासणी

भारतात इमारतींच्या जिन्यात दिसणारे लाल नळकांडे बहुधा एबीसी कोरड्या भुकटीचे असते. त्यातील भुकटी नायट्रोजनच्या दाबाने बाहेर फेकली जाते. दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असणे म्हणजे दाब पुरेसा आहे, एवढेच. काटा डावीकडच्या लाल भागात गेला, तर गळती असते किंवा कोणीतरी खटका दाबून पाहिलेला असतो. किंचित वापरलेले नळकांडेही पुन्हा भरावेच लागते. भुकटीत गुठळ्या झाल्या, तर काट्यावरून ते कळत नाही.

लेबलावर आगीचे प्रकार, वजन, भरल्याची तारीख आणि पुढची तारीख असते. दाबचाचणीची तारीख मात्र वेगळी असते, आणि घोटाळा होतो तो इथेच. भारतीय मानक आयएस 2190 नुसार भुकटीच्या नळकांड्याची चाचणी दर तीन वर्षांनी होते. समजा, शेवटची चाचणी मार्च 2022 मध्ये झाली आणि एप्रिल 2024 मध्ये नळकांडे पुन्हा भरले. लेबल नवे आणि काटा हिरव्यात असला, तरी मार्च 2025 मध्ये चाचणी करायलाच हवी. नुसते भरल्याने ती मुदत पुढे सरकत नाही.

कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला सहसा दाबमापक नसतो, कारण आतला वायू द्रवरूप असतो आणि द्रव शिल्लक असेतो दाब फारसा उतरत नाही. म्हणून ते वजन करून तपासतात. रिकामे वजन 9.7 किलो आणि वायू 4.5 किलो असेल, तर एकूण 14.2 भरते. वायू दहा टक्क्यांहून अधिक घटला, म्हणजे एकूण वजन 13.75 किलोच्या खाली आले, की ते पुन्हा भरायला द्यावे. याची दाबचाचणी पाच वर्षांनी होते.