गेलेले बिल दुरुस्त करताना : जुना क्रमांक तसाच, फरक मात्र क्रेडिट नोटवर

बुलडाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात असलेल्या अमडापूरसारख्या गावात लोखंडी गेट, खिडक्यांच्या जाळ्या आणि शटर बनविणाऱ्या वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. वर्कशॉपची जीएसटी नोंदणी आहे. १४ नोव्हेंबर २०२५ रोजी येथून चिखलीच्या एका बांधकाम कंत्राटदाराला चार गेट रवाना झाले आणि सोबत बिल क्रमांक ११२ गेले. ठरलेला दर प्रत्येक गेटला १५,८०० रुपये होता, पण टंकलिखित करताना आकडे उलटसुलट होऊन तो १८,५०० पडला. चार गेटचे ७४,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १३,३२० रुपये, असे एकूण ८७,३२० रुपयांचे बिल तयार झाले. प्रत्यक्षात ते ६३,२०० अधिक ११,३७६ म्हणजे ७४,५७६ रुपयांचे हवे होते. महिनाभराने कंत्राटदाराच्या हिशेबनिसाने खरेदीच्या ऑर्डरशी बिल ताडून पाहिले, तेव्हा ही तफावत लक्षात आली.

अशा वेळी दुकानदाराचा पहिला हात संगणकाकडेच जातो. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जुने बिल उघडायचे, दर बदलायचा, त्याच क्रमांकाची आणि त्याच तारखेची नवी प्रत छापून ‘सुधारित बिल’ म्हणून पाठवायची. वरकरणी हा सरळ मार्ग वाटतो. गोंधळाचे मूळ मात्र यातच आहे. ग्राहकाच्या फाइलमध्ये आता एकाच क्रमांकाचे आणि दोन वेगवेगळ्या रकमांचे कागद असतात. नोव्हेंबरचे जीएसटीआर-१ हे विवरणपत्र डिसेंबरच्या ११ तारखेपर्यंत दाखल झालेले असल्याने सरकारी पोर्टलवर जुनीच रक्कम नोंदलेली असते आणि ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये तीच दिसते. मग ग्राहक कर परतावा १३,३२० रुपयांचा घेणार की ११,३७६ रुपयांचा, हा प्रश्न उद्भवतो आणि दोन्ही बाजूंची पुस्तके जुळेनाशी होतात.

कायद्यात ‘सुधारित बिल’ या शब्दाला फारच मर्यादित अर्थ आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३१ नुसार नव्याने नोंदणी झालेल्या व्यापाऱ्याला नोंदणी प्रभावी झाल्याच्या तारखेपासून प्रमाणपत्र हाती येईपर्यंतच्या काळातील बिलांसाठी, प्रमाणपत्र मिळाल्यापासून महिनाभरात, असे बिल देता येते. नेहमीच्या व्यवहारात आकड्यांची चूक झाली असता त्यावर उपाय आहे तो कलम ३४ मध्ये : रक्कम जास्त पडली असेल तर विक्रेत्याने क्रेडिट नोट द्यायची, कमी पडली असेल तर डेबिट नोट.

वरील उदाहरणात बिल क्रमांक ११२ तसेच कायम राहील. वर्कशॉप केवळ फरकाची, म्हणजे १०,८०० रुपये किंमत आणि १,९४४ रुपये जीएसटी (९७२ रुपये केंद्राचा आणि तेवढाच राज्याचा), एकूण १२,७४४ रुपयांची क्रेडिट नोट काढेल. नोटेला स्वतःचा वेगळा अनुक्रमांक हवा. तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरलेला नसावा. नोटेवर दोन्ही पक्षांची नावे, पत्ते व जीएसटी क्रमांक, मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख, फरकाची किंमत, कराचा दर व रक्कम आणि सही असावी. यातील मूळ बिलाचा संदर्भ सर्वांत महत्त्वाचा. तो नसेल तर ही नोट कोणत्या व्यवहाराची आहे हे वर्षभरानंतर वर्कशॉपच्या मालकालाही सांगता येणार नाही.

नोटेसोबत दोन ओळींचे पत्र जोडावे. त्यातील मजकूर साधारण असा असू शकतो : ‘आमच्या दि. १४ नोव्हेंबर २०२५ च्या बिल क्रमांक ११२ मध्ये प्रति नग दर १५,८०० रुपयांऐवजी नजरचुकीने १८,५०० रुपये पडला आहे. फरकाची १२,७४४ रुपयांची क्रेडिट नोट सोबत जोडली आहे. मूळ बिल कायम असून आपण आता ७४,५७६ रुपये देणे आहेत.’ अखेरचे वाक्य बहुतेकजण लिहीत नाहीत आणि नेमका त्यातूनच फोनाफोनीचा सिलसिला सुरू होतो. ग्राहकाने आधीच ८७,३२० रुपये भरले असतील, तर १२,७४४ रुपये परत देणार की पुढच्या बिलातून वळते करणार, हेही त्याच पत्रात नमूद करावे.

क्रेडिट नोट ज्या महिन्यात निघते त्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये ती दाखवायची असते. मूळ व्यवहार २०२५-२६ या आर्थिक वर्षातील असल्याने त्यासाठी शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल होण्याची तारीख, यांपैकी जी आधी येईल ती. शिवाय ग्राहकाने जादा घेतलेला कर परतावा उलट केला तरच विक्रेत्याच्या करदायित्वात घट होते. म्हणून नोट पाठवून स्वस्थ बसणे पुरेसे नाही. पोर्टलवरील बिल व्यवस्थापन सुविधेत ग्राहकाने नोट नाकारली, तर तेवढी रक्कम पुन्हा विक्रेत्याच्याच देण्यात मिळविली जाते.

‘जुने बिल पूर्ण रद्द करून नवे का देऊ नये’, असा प्रश्न साहजिक आहे. विवरणपत्र दाखल होण्यापूर्वी आणि माल निघण्यापूर्वीच चूक सापडली, तर तसे करायला हरकत नसते. रद्द बिलाच्या सर्व प्रती, कार्बन प्रतीसह, ‘रद्द’ असा शिक्का मारून जपून ठेवाव्यात आणि तो क्रमांक पुन्हा वापरू नये. जीएसटीआर-१ मधील कागदपत्रांच्या तक्त्यात रद्द क्रमांकांची संख्याही द्यावी लागते. माल गेल्यानंतर महिनाभराने नवे बिल काढले, तर मात्र त्याची तारीख माल रवाना झाल्याच्या नंतरची पडते. बिल माल निघताना किंवा त्यापूर्वी व्हायला हवे, हा नियम त्यामुळे मोडतो. दराच्या चुकीत फरकाची नोट अधिक सुटसुटीत ठरते ती याच कारणाने.

रकमेऐवजी ग्राहकाचा जीएसटी क्रमांकच चुकला असेल तर प्रकरण निराळे. तेथे क्रेडिट नोटेची गरज पडत नाही. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये आधीच्या बिलाच्या दुरुस्तीसाठी असलेल्या तक्ता ९अ मध्ये योग्य क्रमांक भरावा लागतो. जीएसटीआर-१अ या अर्जातून त्याच महिन्यातील इतर चुका जीएसटीआर-३बी भरण्यापूर्वी सुधारता येतात, पण ग्राहकाचा जीएसटी क्रमांक त्यातून बदलता येत नाही. तोवर ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये हे बिल दिसणार नाही, हे त्याला आधीच कळविलेले बरे.

वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक असलेल्या व्यावसायिकांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. तेथे नोंद रद्द करायला चोवीस तासांचीच मुदत मिळते, त्यात सुधारणा करता येत नाही, आणि रद्द झालेला क्रमांक पुन्हा नोंदवता येत नाही. चोवीस तास उलटले की पुन्हा क्रेडिट किंवा डेबिट नोट हाच मार्ग उरतो, आणि तीही त्याच पोर्टलवर नोंदवावी लागते.