ठिपक्यांच्या जोडीची कुळकथा

अकरावीच्या वर्गासाठी मी एक दोनपानी वर्कशीट केलं होतं. प्रत्येक ओळीत आधी रेणूचं सूत्र, मग ठिपक्यांची मांडणी, मग मधल्या अणूभोवतीच्या जोड्यांची मोजणी. त्यापुढे आकृती काढायला मोकळी चौकट आणि शेवटी दोन छोटे रकाने, संकरण आणि ध्रुवीयता. मिथेन, अमोनिया सुरळीत पार पडले. पाण्यापाशी आल्यावर एका मुलीनं ऑक्सिजनच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाली, "सर, जोड्या एकमेकींना ढकलतात म्हणून हा कोन होतो, असं तुम्ही सांगितलंत. मग हे दोन ठिपके एकमेकांना खेटून कसे बसलेत? यांनीच तर सगळ्यात आधी एकमेकांना ढकलायला हवं."

मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही मला सोडेना. शोधत गेलो तेव्हा जे हाती लागलं त्यानं मी चकितच झालो. ज्या माणसानं हे ठिपके कागदावर जोडीनं मांडले, त्यालाही हीच अडचण आली होती. आणि त्यानं ती सोडवली ती प्रतिकर्षणालाच रजा देऊन!

तो माणूस म्हणजे गिल्बर्ट लुईस. १९०२ साली हार्वर्डमध्ये सुरुवातीच्या वर्गाला आवर्त सारणी समजावताना त्यानं अणूचं एक चित्र काढलं: घन ठोकळा, आणि त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन. ही टिपणं त्यानं छापली नाहीत, जपून मात्र ठेवली. पुढे १९२३च्या पुस्तकात त्यांचं चित्रच दिलं. म्हणजे या कुळाचा मूळपुरुष वर्गातल्या फळ्यावरच जन्मला, आणि मास्तर म्हणून मला त्याचा फार आनंद होतो.

१९१६ सालच्या निबंधात लुईसनं बंध म्हणजे दोघांत वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, असं मांडलं. दोन ठोकळ्यांची एक कड सामायिक केली की एकेरी बंध, एक पृष्ठ सामायिक केलं की दुहेरी. तिहेरी बंधाला मात्र ठोकळ्यात जागाच उरेना. तेव्हा त्यानं आठ इलेक्ट्रॉन दोन-दोन करून चार कडांच्या मध्याकडे सरकवले. त्या चार जोड्यांना जोडलं की चतुष्फलक तयार होतो, आणि हाच चतुष्फलक १८७४ साली बावीस वर्षांच्या व्हान्ट हॉफनं कार्बनसाठी सांगितला होता. चित्र जुळलं, पण किंमत मोठी होती. एकाच विद्युतभाराचे दोन कण इतक्या जवळ राहावेत कसे? लुईसचं उत्तर धाडसाचं होतं: फार कमी अंतरावर कूलोंबचा नियम चालत नसावा. त्याच सुमाराला पार्सन या रसायनतज्ज्ञानं इलेक्ट्रॉन हे छोटे चुंबक असल्याची कल्पना मांडली होती. तिचाही त्याच्यावर परिणाम झाला होता.

तर आजच्या वर्कशीटची गंमत अशी आहे की डावीकडचे ठिपके प्रतिकर्षण नाकारणाऱ्या माणसाचे आहेत आणि उजवीकडचा आकार आपण प्रतिकर्षणाच्या नावानं काढतो. मधे काहीतरी घडलं असलं पाहिजे.

मधे घडला तो १९२५ साली पाउलीनं सांगितलेला अपवर्जनाचा नियम, आणि त्याच वर्षी सापडलेला इलेक्ट्रॉनचा स्पिन. स्पिनच्या दिशा दोनच. वर किंवा खाली असा बाण काढून त्या दाखवतात. सारख्या स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता शून्य असते. भार बाजूला ठेवला तरी ते एकमेकांपासून दूरच राहतात. उलट्या स्पिनच्या दोघांवर मात्र ही बंदी नाही.

आता ऑक्सिजनच्या बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन झाले असं धरा, चार वर आणि चार खाली. चौघे 'वर'वाले एकमेकांना टाळत एका चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. चौघे 'खाली'वालेही तसेच, पण त्यांचा चतुष्फलक वेगळा. या दोन चतुष्फलकांचा एकमेकांशी करार काहीच नाही. एक दुसऱ्याच्या तुलनेत कसाही फिरलेला चालतो, आणि म्हणूनच एकट्या निऑनच्या अणूत जोड्या अशा नसतातच. पण शेजारी हायड्रोजन आला की त्याचा धन केंद्रक एका 'वर'ला आणि एका 'खाली'ला आपल्याकडे ओढतो, आणि दोन चतुष्फलकांचा एकेक कोपरा तिथे एकावर एक येतो. एवढ्यानं काम भागत नाही, कारण त्या एका अक्षाभोवती दोन्ही अजून मोकळे फिरू शकतात. हायड्रोजन फ्लोराइडमध्ये नेमकं हेच होतं, फ्लोरीनच्या उरलेल्या सहा इलेक्ट्रॉनांचं कडं तयार होतं, तीन सुट्या जोड्या नव्हे. पाण्यात दुसरा हायड्रोजन येतो, दुसरा कोपरा पक्का होतो, आणि मग उरलेले दोन कोपरे आपोआप एकमेकांवर बसतात. त्यांनाच आपण लोन पेअर म्हणतो.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. ते दोन ठिपके एकमेकांवर खूश होऊन बसलेले नाहीत, त्यांना केंद्रकांनी तिथे आणून बसवलं आहे. उलट्या स्पिनचे असल्यानं पाउलीचा नियम आड येत नाही, एवढंच.

मग 'प्रतिकर्षण' हा शब्द आला कुठून? जोड्या मोजून आकार सांगायची रीत १९३९ साली ओसाकाच्या र्युतारो त्सुचिदा यांनी मांडली, आणि १९४० साली सिजविक आणि पॉवेल यांनी लंडनच्या बेकेरियन व्याख्यानात. पाठ्यपुस्तकं दुसऱ्या जोडीचंच नाव घेतात, जपानी माणसाचं घेत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं. १९५७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या गिलेस्पी आणि नायहोम यांनी नियमाला धार लावली: लोन पेअर जास्त जागा घेते, म्हणून बंधांमधले कोन आक्रसतात. मिथेन १०९.५ अंश, अमोनिया सुमारे १०७, पाणी १०४.५. या दोघांनी कारण म्हणून अपवर्जनाचा नियमच पुढे केला होता. पण १९६३ साली गिलेस्पीनं रीतीला जे नाव दिलं, व्हीएसईपीआर, त्यातलं शेवटचं अक्षर 'रिपल्शन'चं. माझ्या मते सगळा घोळ त्या अक्षरानं केला. रिपल्शन म्हटलं की शाळेत शिकलेले विद्युतभारच डोळ्यांपुढे येतात. पुढे गिलेस्पीनं जोडीच्या क्षेत्राची भाषा जवळ केली, तोवर नाव रुजलं होतं.

भारवाद्यांची बाजूही नीट मांडतो. ते म्हणतात, गोलावर दोन, तीन, चार, पाच, सहा भार एकमेकांपासून जास्तीत जास्त दूर ठेवून बघा, सरळ रेषेपासून अष्टफलकापर्यंतचे नेमके हेच आकार मिळतात. खरं आहे, आणि जोड्या एकदा झाल्या की भारही त्याच दिशेनं ढकलतो. पण नुसत्या भारावर विसंबून आठ सुटे इलेक्ट्रॉन गोलावर ठेवा. ते जोडीनं बसणारच नाहीत. घनाच्या कोपऱ्यांवरही नाही, तर वरचा चौकोन पंचेचाळीस अंशांत पिळलेल्या घनासारखे बसतील. जोड्या का झाल्या, याचं उत्तर भाराकडे नाही.

वर्कशीटमधला 'संकरण' हा रकाना याच घराण्यातला, पण कारणाच्या जागी बसवला गेलेला पाहुणा. पाउलिंगनं १९३१ साली एस आणि पी ऑर्बिटल मिसळून चतुष्फलकाच्या दिशा मिळवल्या. संकरणाच्या 'हायब्रीड' या इंग्रजी नावाचा मूळ लॅटिन शब्द पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिल्लासाठी होता. तो ग्रीक 'ह्युब्रिस', म्हणजे उद्दामपणा, यावरून आला असं बरेच सांगतात, पण मला ती ओढाताण वाटते. शब्दाचं स्पेलिंग ग्रीकसारखं करण्याची हौस त्यामागे असावी. आपल्याकडे मात्र शिवारात 'हायब्रीड' म्हटलं की ज्वारीच समोर येते. वाण आधी ठरतो आणि मग पीक येतं. म्हणून मुलं लिहितात, "संकरण एसपी३ आहे म्हणून आकार चतुष्फलकी." क्रम उलटा आहे. जोड्या मोजून आकार ठरतो आणि त्या आकाराचं वर्णन करायला एसपी३ लिहितात. हायड्रोजन सल्फाइडचा कोन ९२ अंश आहे, तिथे एसपी३ लिहिणं तर नुसती सवय आहे. जोड्यांचा नियमही तिथे कोन १०९.५पेक्षा कमी होईल एवढंच सांगतो. इतका कमी का, ते त्याला सांगता येत नाही.

नियमाचं खरं बळ बघायचं तर क्लोरीन ट्रायफ्लोराइड, ClF₃ घ्यावा. क्लोरीनचे सात आणि तीन फ्लोरीनकडून एकेक, असे दहा इलेक्ट्रॉन, म्हणजे पाच जोड्या. तीन बंधांच्या, दोन एकट्या. पाच जोड्यांची मांडणी अशी काढा: एक उभी रेघ वर-खाली, आणि कमरेभोवती तीन हात १२० अंशांवर. त्यातला एक हात कागदाच्या प्रतलात साध्या रेघेनं, एक पुढे येणारा जाड पाचरेनं आणि एक मागे जाणारा तुटक पाचरेनं. आता दोन लोन पेअर कुठे? एक उभ्या रेघेवर आणि एक कमरेला ठेवली तर त्या दोघींमध्येच ९० अंश येतात, ते सगळ्यात वाईट. दोन्ही उभ्या रेघेवर ठेवल्या तर लोन पेअर आणि बंध यांच्यात ९० अंशांच्या सहा गाठी पडतात. दोन्ही कमरेला ठेवल्या तर चारच. म्हणून कमरेलाच. उरलेले तीन फ्लोरीन टी अक्षरासारखे दिसतात, आणि लोन पेअरच्या दाबानं टीचे हात किंचित वाकतात: मोजलेला कोन ९० नव्हे, ८७.५ अंश.

ध्रुवीयतेच्या रकान्यात मुलं बंधांचे बाण काढतात आणि लोन पेअर विसरतात. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड शेजारी ठेवले की चूक हाती लागते. दोन्हींचा आकार तोच, तिपायीसारखा. N–F बंध N–H पेक्षा जास्त ध्रुवीय, तेव्हा NF₃ची ध्रुवीयता मोठी असायला हवी. मोजल्यावर अमोनियाची १.४७ डिबाय निघते, NF₃ची सुमारे ०.२३. अमोनियात बंधांचे ऋण टोक नायट्रोजनकडे, लोन पेअरही त्याच बाजूला, दोघांची बेरीज होते. फ्लोरीन मात्र ऋण भार खाली ओढतो, लोन पेअर वर, आणि दोघे एकमेकांना जवळजवळ खोडतात.

यंदाच्या वर्कशीटमध्ये मी एक बदल केला. पाण्याच्या लोन पेअरचे ठिपके तसेच ठेवले, फक्त प्रत्येक ठिपक्याला बाण जोडला, एक वर आणि एक खाली.