ग्रातँ दोफिन्वा मराठीत लिहिताना

दुधासायीत मंद भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या म्हणजे आग्नेय फ्रान्समधील दोफिने प्रांताचा ‘ग्रातँ दोफिन्वा’. दुबई-शारजातील मराठी घरांसाठी त्याची कृती लिहिताना पहिली अडचण येते ‘क्रेम फ्रेश’ची. शब्दशः अर्थ ‘ताजी साय’. प्रत्यक्षात ती किंचित आंबट असते. तिला ‘विरजलेली साय’ म्हणावे. लोणी काढणाऱ्या घरांना ती परिचितच आहे.

ती बाजारात न मिळाल्यास २०० मिली व्हिपिंग क्रीममध्ये मोठा चमचाभर ताजे दही कालवून रात्रभर विरजावे व घट्ट होताच फ्रिजमध्ये ठेवावे. नुसते दही किंवा इथले लबन वापरू नये. त्यांत स्निग्धांश कमी असल्याने ओव्हनमध्ये ती फाटतात. पाणी सुटते आणि कण दिसू लागतात.

फ्रेंच कृतीतला ‘सूपचा चमचा’ १५ मिलीचा, ‘कॉफीचा’ ५ मिलीचा. ‘थर्मोस्टॅट ५’ म्हणजे १५० अंश सेल्सियस. आकड्याला तीसने गुणावे.

‘फ्रेमिर’ या क्रियापदासाठी ‘उकळणे’ लिहिल्यास दूध उतू जाणार. पृष्ठभाग थरथरावा, कडेला बारीक बुडबुडे यावेत, एवढीच आच हवी. एक किलो बटाटे सोलून धुवावेत, मगच ३ मिमी जाडीच्या चकत्या कराव्यात. चिरलेला बटाटा पाण्यात टाकण्याची आपली सवय इथे नडते, कारण रस दाट करणारे पिठूळ सत्त्व धुऊन जाते. चकत्या अर्धा लिटर दुधात दहा मिनिटे शिजवून, मीठ-लसूण व साय घालून, सुरी अलगद आत जाईपर्यंत, साधारण तासभर भाजाव्यात.