क्रेडिट कार्डाच्या खरेदीचे हप्ते पाडताय? १६ टक्क्यांचं व्याज २१ टक्क्यांवर कसं जातं, ते पाहा

कार्डावर मोठी खरेदी केली की एक-दोन दिवसांत मोबाईलवर मेसेज येतो, ‘तुमची खरेदी सोप्या हप्त्यांत बदला.’ बँकेच्या ॲपमध्ये त्या खरेदीसमोर Convert to EMI असं बटण दिसतं. ते दाबलं की महिन्याचा हप्ता आणि वर्षाचा व्याजदर समोर येतो. पण खरा खर्च या दोन आकड्यांत पूर्ण दिसत नाही. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

६० हजारांच्या खरेदीचा हिशेब

समजा, एका पशुपालकाने दूध काढायचं मशीन कार्डावर ६०,००० रुपयांना घेतलं आणि बिल यायच्या आत १२ हप्ते पाडले. व्याज वर्षाला १६ टक्के आणि प्रोसेसिंग फी एक टक्का धरू. दर आणि फी प्रत्येक बँकेत वेगळी असते, पण हिशेबाची रीत हीच.

ॲपवर हप्ता दिसेल ५,४४४ रुपये. बारा हप्त्यांचे होतात सुमारे ६५,३२६, म्हणजे व्याज ५,३२६ रुपये. इथपर्यंत सगळ्यांचं लक्ष असतं. पुढचं मात्र सुटतं.

कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो दर महिन्याच्या बिलात वेगळा येतो. पहिल्या महिन्याचं व्याज ८०० रुपये, त्यावर जीएसटी १४४. त्यामुळे ५,४४४ रुपये मनात धरून बसलेल्याला पहिलं बिल ५,५८८ चं येतं. शिवाय प्रोसेसिंग फी ६०० रुपये आणि तिच्यावरही जीएसटी १०८. ही रक्कम बहुधा पहिल्याच बिलात जोडून येते.

एकूण जादा खर्च असा:

- व्याज: ५,३२६ रुपये
- व्याजावर जीएसटी: ९५९ रुपये
- प्रोसेसिंग फी जीएसटीसह: ७०८ रुपये
- एकूण: ६,९९३ रुपये

म्हणजे ६० हजारांचं मशीन जवळपास ६७ हजारांना पडलं.

खरा दर कसा काढायचा?

इथे पुष्कळ जण फसतात. ‘६० हजारांवर सात हजार, म्हणजे बारा टक्केच की’ असं वाटतं. पण ६० हजार रुपये काही वर्षभर आपल्याकडे राहत नाहीत. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते. पहिल्या महिन्यात बाकी ६० हजार असते, शेवटच्या महिन्यात पाच हजारांच्या आसपास. दोन्हींची बेरीज ६५ हजार, त्याचे निम्मे ३२,५००. वर्षभर सरासरी एवढेच पैसे आपण वापरले.

आता ६,९९३ ला ३२,५०० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर येतं साडेएकवीस. हा ढोबळ हिशेब आहे, पण खरा दर २१ टक्क्यांच्या आसपासच पडतो. पतसंस्थेचं कर्ज किंवा सोनेतारण यांच्याशी तुलना करायची असेल तर हा २१ चा आकडा धरायचा, ॲपवरचा १६ चा नाही. त्या कर्जांवरही फी असेल तर तीही अशीच मिळवून घ्या.

हप्ते सहा महिन्यांचे असतील तर आलेलं उत्तर दुप्पट करा, कारण दर वर्षाचा काढायचा आहे. आणि लक्षात ठेवा, फी ठरावीक रकमेची असो की टक्क्यांत, मुदत जितकी कमी तितका तिचा भार वार्षिक दरावर जास्त पडतो.

‘नो कॉस्ट’ म्हणजे फुकट नाही

दुकानदार म्हणतो, ‘बारा महिने पाच-पाच हजार भरा, एक रुपया जास्त नाही.’ यात बँक व्याज घेतेच. फक्त तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधीच किमतीत देते. याच दराने पाहिलं तर बँक कर्ज धरते सुमारे ५५,१०८ रुपयांचं आणि उरलेले ४,८९२ व्याज म्हणून घेते. त्या व्याजावरचा जीएसटी ८८१ रुपये आणि कर्जावर एक टक्का फी असेल तर जीएसटीसह ६५० रुपये आपल्याच खिशातून जातात. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट झाली दीड हजार.

म्हणून कार्ड काढण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न विचाराच, ‘रोख दिले तर कितीला देता?’ तो ५६ हजार म्हणाला, तर ‘नो कॉस्ट’ हप्ते आपल्याला साडेपाच हजारांना पडतायत.

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. तिच्या कार्डविषयक निर्देशांनुसार हप्ते पाडण्याआधी मुद्दल, व्याज आणि सूट ग्राहकाला स्पष्ट दाखवणं बँकेवर बंधनकारक आहे. हा तपशील दिसला नाही तर बटण दाबू नका. दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

मधेच पैसे आले तर?

दुधाचं बिल किंवा मालाचे पैसे हातात आले की उरलेलं कर्ज एकदम फेडावं वाटतं. पण मुदतीआधी बंद करायलाही फी असते. समजा ती उरलेल्या मुद्दलीच्या तीन टक्के आहे.

सहा हप्त्यांनंतर मुद्दल उरते ३१,१९२ रुपये. तीन टक्के फी जीएसटीसह होते १,१०४ रुपये, आणि पुढचं व्याज जीएसटीसह वाचतं १,७३६ रुपये. फायदा जेमतेम ६३२. तेच शेवटचे तीन हप्ते उरले असताना बंद केलं तर फी पडते ५६३ आणि वाचतात ५०३. म्हणजे लवकर फेडून साठ रुपयांचा तोटा! फेडायचंच असेल तर लवकर फेडा, शेवटी शेवटी नको.

माल परत केला तरी हप्ते आपोआप थांबतीलच असं नाही. दुकानदाराकडून पैसे कार्डावर जमा झाले की हप्ते रद्द करायला बँकेला कळवावं लागतं. भरलेली प्रोसेसिंग फी सहसा परत मिळत नाही.

मग हप्ते पाडावेत कधी?

पूर्ण बिल भरणं शक्य असेल तर पाडूच नयेत. पण भरणं जमणारच नसेल आणि फक्त ‘किमान रक्कम’ भरायचा विचार असेल, तर हप्ते बरे. थकलेल्या बिलावर अनेक कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, वर जीएसटी. मात्र हप्ते पाडायची विनंती बिल भरायच्या शेवटच्या तारखेआधी करा. आणि हप्ता सुरू झाल्यावरही दर महिन्याचं पूर्ण बिल भरा. ते थकलं की बाकीवर तेच जबर व्याज सुरू होतं आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो.